नायट्रोजनच्या शेजारचं घर

कोंड्यावरच्या शाम्पूची बाटली फिरवून मागचा बारीक मजकूर वाचला, तर पुष्कळदा तिथे ‘झिंक पायरिथायोन’ हे नाव सापडतं आणि त्यापुढे १ टक्का असा आकडा असतो. या नावामागे सहा अणूंचं एक कडं आहे. त्या कड्यावर एका ठरावीक जागी गंधकाचा अणू बसवावा लागतो. शेजारच्या जागी बसवला तर तो काही कामाचा नाही. त्याला तिथे बसवण्यासाठी आधी कड्यातल्या नायट्रोजनच्या डोक्यावर ऑक्सिजनचा एक अणू चढवावा लागतो. गंधक कुठे बसतो, तिथेच का बसतो आणि ऑक्सिजनने असं काय बदलतं, ते सांगण्यासाठी हा लेख.

कड्याचं नाव पिरिडीन. स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस अँडरसन यांना ते १८४९ मध्ये हाडांच्या तेलात सापडलं. जनावरांची हाडं हवा न लागू देता तापवली की एक काळपट, दुर्गंधी तेल निघतं. त्यातून त्यांनी एकेक घटक वेगळा केला आणि अग्नीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून या घटकाचं नाव ठेवलं. आज हाडांची गरज उरलेली नाही. अॅसिटाल्डिहाइड, फॉर्माल्डिहाइड आणि अमोनिया यांच्या वाफा उत्प्रेरकावरून नेऊन पिरिडीन बनवतात. वास मात्र तोच, सडक्या मासळीसारखा, नाकात घर करणारा. ज्याने एकदा तो घेतला तो डोळे मिटूनही पिरिडीन ओळखतो. हा वास लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

बेन्झीनचं कडं सहा कार्बनचं असतं. त्यातला एक कार्बन काढून तिथे नायट्रोजन बसवला की झालं पिरिडीन. नायट्रोजनच्या जागेला १ क्रमांक देतात. त्याच्या दोन्ही अंगांच्या शेजाऱ्यांना २ आणि ६, त्यांच्या पलीकडच्यांना ३ आणि ५, आणि बरोबर समोरच्याला ४. कडं आरशासारखं सारखं असल्यामुळे २ आणि ६ एकाच गुणाचे, तसेच ३ आणि ५.

बेन्झीनच्या कड्यावर सहा इलेक्ट्रॉन सगळ्यांच्या मालकीचे असतात आणि सहाही कार्बनवर सारखे पसरलेले असतात. एखाद्या एकत्र कुटुंबात धान्याचं कोठार सामाईक असावं तसं. पिरिडीनमध्येही हे सहा इलेक्ट्रॉन आहेत, पण नायट्रोजनला इलेक्ट्रॉनची ओढ कार्बनपेक्षा जास्त. तो कोठारातलं धान्य आपल्याकडे ओढून घेतो. झळ सगळ्यांनाच लागते, पण सर्वांत जास्त लागते २, ४ आणि ६ या जागांना. ३ आणि ५ तुलनेने सुखरूप राहतात.

आता बाहेरून पाहुणा येतो. रसायनशास्त्रात पाहुणे दोन स्वभावांचे असतात. एक इलेक्ट्रॉनचा भुकेला, तो जिथे इलेक्ट्रॉन जास्त असतील तिथे जातो. दुसरा इलेक्ट्रॉन सोबत घेऊन येणारा, तो जिथे कमतरता असेल तिथे ते देऊन बंध जोडतो. या दुसऱ्याला न्यूक्लिओफाइल म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला केंद्रकस्नेही असा शब्द आहे. बेन्झीनकडे असा न्यूक्लिओफाइल फिरकत नाही, कारण तिथे आधीच भरपूर इलेक्ट्रॉन आहेत. पिरिडीनच्या २ आणि ४ या जागांवर मात्र त्याचं स्वागत होतं.

स्वागत कसं होतं ते नीट पाहायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. समजा २ क्रमांकाच्या कार्बनवर क्लोरीनचा अणू बसलेला आहे. न्यूक्लिओफाइल येतो आणि त्याच कार्बनला जोडला जातो. क्षणभर त्या एका कार्बनवर क्लोरीनही असतो आणि पाहुणाही. पाहुण्याने आणलेला जादा ऋणभार कड्यात शिरतो आणि फिरत फिरत थेट नायट्रोजनवर जाऊन बसतो. नायट्रोजनला तो हवाच असतो, म्हणून ही मधली अवस्था टिकू शकते. मग क्लोरीन आपला बंध सोडून ऋणभारासह बाहेर पडतो आणि कडं पुन्हा पूर्ववत होतं. आधी जोड, मग सोड, अशा दोन पायऱ्यांची ही अदलाबदल. अशा मधल्या अवस्था प्रत्यक्षात असतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ याकोब माइझेनहाइमर यांनी १९०२ मध्ये दाखवलं. त्यांचं काम बेन्झीनच्या कड्यावरचं होतं, पण तत्त्व हेच.

आता हाच पाहुणा ३ क्रमांकावर गेला तर? कागदावर कडं काढून ऋणभार एकेक घर सरकवून पाहा. तो २, ४ आणि ६ या कार्बनवर फिरतो, पण नायट्रोजनवर कधीच पोचत नाही. म्हणजे ज्याला भार हवा आहे त्याच्यापर्यंत तो जातच नाही, आणि मधली अवस्था डळमळीत राहते. हा फरक मोजलेला आहे. मिथेनॉलमध्ये ५० अंश सेल्सिअसला सोडियम मिथॉक्साइड घेतलं आणि साध्या क्लोरोबेन्झीनवरचा क्लोरीन सुटण्याचा वेग १ धरला, तर ३-क्लोरोपिरिडीनचा वेग सुमारे ९० हजार येतो, २-क्लोरोपिरिडीनचा सुमारे २८ कोटी आणि ४-क्लोरोपिरिडीनचा त्याहूनही वर, सुमारे ७०० कोटी. एका नायट्रोजनने घडवलेला हा फरक आहे. मला या विषयातला हा सर्वांत बोलका आकडा वाटतो, कारण ३ आणि २ यांच्यामध्ये एका बंधाचंच अंतर आहे.

कार्बनवर क्लोरीन नसून साधा हायड्रोजन असेल, तरीही २ ची जागा उघडी पडू शकते, हे रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सेई चिचिबाबिन यांनी १९१४ मध्ये दाखवलं. त्यांनी पिरिडीन आणि सोडामाइड एकत्र तापवलं आणि २-अमिनोपिरिडीन मिळवलं. क्लोरीन स्वतःच्या मर्जीने जातो, हायड्रोजनला मात्र ऋणभार घेऊन बाहेर काढणं जड जातं. म्हणून तिथे १०० अंशांच्या वर तापमान लागतं आणि प्रक्रिया चालू झाली की हायड्रोजन वायूचे बुडबुडे येऊ लागतात. बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं. ही प्रक्रिया फार देखणी आहे. पण सोडामाइडशी न टिकणारा कोणताही गट कड्यावर असेल तर ती वापरता येत नाही. शाम्पूच्या वाटेवर आपल्याला तिचा उपयोग नाही.

आपल्याला गंधक बसवायचा आहे, तोही २ वर, आणि तयार रेणूत नायट्रोजनवर ऑक्सिजन असायलाच हवा. कारण पायरिथायोनचं काम धातूला धरण्याचं आहे. एका बाजूने ऑक्सिजन आणि दुसऱ्या बाजूने गंधक असे दोघे मिळून जस्ताला चिमट्यासारखे पकडतात. चिमट्याच्या दोन टोकांमध्ये जस्त बसला की पाच अणूंचं एक छोटं कडं तयार होतं आणि ते पक्कं बसतं. गंधक ४ वर असता तर तो कड्याच्या पार पलीकडे राहिला असता आणि दोन टोकं एका धातूपर्यंत पोचलीच नसती. म्हणून वेगाच्या शर्यतीत ४ क्रमांक पुढे असला तरी आपलं घर २ चंच.

सुरुवात २-क्लोरोपिरिडीनपासून करतात. पिरिडीनच्या वाफेत क्लोरीन सोडला की तो बऱ्याच अंशी २ च्या जागीच जातो. आता समोर दोन कामं उरतात: नायट्रोजनवर ऑक्सिजन चढवणं आणि क्लोरीनच्या जागी गंधक आणणं. आधी कोणतं करायचं?

गंधक आधी बसवला तर पंचाईत होते. ऑक्सिजन देणारी द्रव्यं म्हणजे परॲसिडं. नायट्रोजनपेक्षा गंधकाला ऑक्सिजन जास्त सहज चिकटतो, त्यामुळे ती आधी गंधकालाच गाठतील आणि नायट्रोजन तसाच राहील. म्हणजे ऑक्सिजन आधी, गंधक नंतर. दुसरी एक कल्पना अशी सुचू शकते की साध्या पिरिडीनवर ऑक्सिजन चढवावा आणि मग क्लोरीन आणावा. पण त्यासाठी नेहमी वापरतात ते फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड क्लोरीन बसवताना ऑक्सिजन काढून घेऊन जातं, आणि क्लोरीन २ व ४ अशा दोन्ही जागी वाटला जातो. तीही वाट बंद. उरतो तो एकच क्रम: २-क्लोरोपिरिडीन, मग त्याचा एन-ऑक्साइड, मग गंधक.

एन-ऑक्साइड म्हणजे नायट्रोजनच्या मोकळ्या इलेक्ट्रॉनजोडीला ऑक्सिजनचा एक अणू जोडलेला रेणू. नायट्रोजनवर धनभार, ऑक्सिजनवर ऋणभार, आणि दोघांमध्ये बंध. पिरिडीनचा असा रेणू पहिल्यांदा १९२६ मध्ये बनवला तो त्याच माइझेनहाइमर यांनी. मधल्या अवस्थेचा शोध आणि हा रेणू एकाच माणसाच्या हातून आले, हे मला नेहमी सुंदर वाटत आलं आहे. पुढे १९४० च्या दशकात जपानमध्ये एइजी ओचिआई आणि नेदरलँड्समध्ये देन हेर्टोख यांनी, एकमेकांपासून दूर राहून, या रेणूचा स्वभाव उलगडला.

स्वभाव असा की ऑक्सिजन देतोही आणि घेतोही. त्याच्याकडे भरपूर इलेक्ट्रॉन आहेत, त्यामुळे इलेक्ट्रॉनचा भुकेला पाहुणा आला तर तो आपल्या साठ्यातले काही कड्यात ढकलतो. ते जाऊन पोचतात २ आणि ४ वर. साध्या पिरिडीनवर नायट्रो गट बसवायचा तर ३०० अंशांच्या आसपास तापवूनही ३-नायट्रोपिरिडीन अगदी थोडंसं हाती लागतं. एन-ऑक्साइडवर तेच नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात १०० अंशांच्या आसपास होतं, भरपूर होतं, आणि गट जाऊन बसतो ४ वर. ओचिआई आणि देन हेर्टोख यांना दिसलं ते हेच. मात्र इलेक्ट्रॉन घेऊन येणारा पाहुणा दारात उभा राहिला, की धनभार असलेला नायट्रोजन पुढे होतो. पाहुण्याने आणलेला ऋणभार सरकत नायट्रोजनवर पोचला की तिथला धनभार मिटतो आणि मधली अवस्था साध्या पिरिडीनपेक्षाही आरामात टिकते. शेजारीण साखर मागायला आली तर वाटी भरून द्यावी आणि तिनेच कधी साखर आणून दिली तर ती ठेवून घ्यावी, तसं हे घर दोन्ही वेळी उघडं असतं. रसायनशास्त्रात एकच गट दोन विरुद्ध स्वभावांच्या पाहुण्यांना उपयोगी पडावा असं फार थोड्या वेळा दिसतं.

पिरिडीनला नुसता धनभार देण्याचे इतरही मार्ग आहेत, उदाहरणार्थ नायट्रोजनवर मिथिल गट बसवणं. त्याने २ ची जागा याहूनही उघडी होते. पण मिथिल गट एकदा बसला की सहजी निघत नाही. ऑक्सिजन मात्र फॉस्फरस ट्रायक्लोराइडसारख्या द्रव्याने काढता येतो. आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलमधला पिरिडीनचा तुकडा बनवण्याच्या एका जुन्या वाटेत ऑक्सिजन असाच तात्पुरता येतो: नायट्रो गट ४ वर बसवायला मदत करतो, मग त्याच्या जागी मिथॉक्सी गट आणायला मदत करतो आणि शेवटी नायट्रोजनवरून उतरून शेजारच्या मिथिल गटावर जातो. गोळीत पोचेपर्यंत नायट्रोजनवर तो उरलेला नसतो. शाम्पूत उलट आहे. तिथे तो अखेरपर्यंत राहतो, कारण चिमट्याचं एक टोक तोच आहे.

प्रत्यक्ष कामात पहिली अडचण क्लोरीनच आणतो. शेजारी बसून तो नायट्रोजनकडचे इलेक्ट्रॉन खेचतो आणि नायट्रोजन लंगडा होतो. आम्लाशी जोडलं जाण्याची पिरिडीनची ताकद ज्या मोजपट्टीवर ५.२ भरते, तिथे २-क्लोरोपिरिडीन ०.७ वर येतं. या पट्टीवर एक अंक म्हणजे दहा पट, म्हणजे हा फरक तीस हजार पटींच्या आसपासचा. ज्या जोडीने आम्लाला धरायचं तिनेच ऑक्सिजनलाही धरायचं असल्यामुळे ऑक्सिजन चढवणं संथ आणि अर्धवट होतं. साध्या पिरिडीनला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अॅसिटिक आम्लात ७० ते ८० अंशांवर काही तास ठेवलं की पुरतं; इथे तेवढ्याने सगळं द्रव्य बदलत नाही. म्हणून काही पद्धतींत २-क्लोरोपिरिडीन मुद्दाम जास्त घेतात, महागडा पेरॉक्साइड पुरता वापरून घेतात आणि उरलेलं २-क्लोरोपिरिडीन वाफेबरोबर उडवून परत मिळवतात. एन-ऑक्साइडमध्ये भार दोन टोकांना वेगळे पडलेले असल्याने तो पाण्यात घट्ट धरून राहतो आणि वाफेबरोबर उडत नाही. वासाची गोष्ट आठवा: पिरिडीन एन-ऑक्साइडला तो कुप्रसिद्ध वास नाही. पिरिडीनवर हा प्रयोग करणाऱ्याला काम कुठवर आलं याचा पहिला अंदाज त्यावरूनच येतो.

या टप्प्यावर दोन चुका महागात पडतात. पहिली, द्रावण आटवून एन-ऑक्साइडचं ऊर्ध्वपातन करायला जाणं. नायट्रोजन-ऑक्सिजन बंध नाजूक असतो आणि उरलेलं परॲसिड त्यात सोबतीला असेल तर तापवताना स्फोट होऊ शकतो. एन-ऑक्साइड पाण्यातच ठेवून पुढच्या पायरीला नेणं हाच शहाणपणा. दुसरी चूक, पेरॉक्साइड शिल्लक आहे की नाही हे न तपासणं. तपासणी सोपी आहे: स्टार्च आणि पोटॅशियम आयोडाइड लावलेली कागदाची पट्टी द्रावणात बुडवायची. निळी पडली तर पेरॉक्साइड अजून आहे आणि आधी ते नष्ट करायला हवं. नाहीतर पुढे घातलेला गंधक त्याच्याशीच झुंजत बसेल.

आता आम्लधर्मी द्रावण कॉस्टिक सोड्याने अल्कधर्मी करायचं. ही पायरी चुकवायची नाही, कारण पुढे येणारं द्रव्य सोडियम हायड्रोसल्फाइड आहे. ते आम्लात पडलं तर सडक्या अंड्यांच्या वासाचा आणि जीवघेणा हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. वास येतोय तोवर आपण सावध आहोत असं समजणं इथे धोक्याचं आहे. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो.

अल्कधर्मी द्रावणात गंधक घेऊन येणारा आयन २ क्रमांकाच्या कार्बनला जोडला जातो, ऋणभार नायट्रोजनवर पोचून तिथला धनभार मिटवतो आणि क्लोरीन मिठाच्या रूपात निघून जातो. द्रावण गरम ठेवावं लागतं, पण उकळीपर्यंतही न्यावं लागत नाही. ऑक्सिजन नसलेल्या २-क्लोरोपिरिडीनला गंधक इतक्या सहज बसत नाही. प्रतिस्पर्धी मात्र एक असतो. कॉस्टिक सोड्यातला हायड्रॉक्साइडही न्यूक्लिओफाइलच आहे आणि त्यालाही तीच जागा हवी असते. गंधक त्याच्यापेक्षा चपळ असल्याने जिंकतो. पण सोडा वाजवीपेक्षा जास्त पडला आणि तापमानही चढलं, तर काही रेणूंवर गंधकाऐवजी ऑक्सिजन बसतो आणि तो माल वाया जातो.

तयार झालेल्या सोडियम पायरिथायोनच्या द्रावणात झिंक सल्फेट घातलं की पांढरा साका खाली बसतो. हेच झिंक पायरिथायोन: जस्ताच्या एका अणूला दोन पायरिथायोन. पांढऱ्याऐवजी निळसर किंवा राखाडी छटा दिसली तर लोखंड आत शिरलं आहे असं ओळखावं. हा चिमटा जस्ताइतकाच लोखंडालाही धरतो आणि लोखंडाशी झालेला संयोग निळा असतो. पाइप, टाकी किंवा कच्च्या मालातला लोखंडाचा अंशही पुरतो.

हिशेब करून पाहू. शाम्पूची बाटली २०० ग्रॅमची आणि झिंक पायरिथायोन १ टक्का, म्हणजे बाटलीत २ ग्रॅम. त्याचा रेणूभार सुमारे ३१८ आणि प्रत्येक रेणूत पिरिडीनची दोन कडी. एकही रेणू वाया गेला नाही असं धरलं, तर एवढ्यासाठी सुमारे १.४ ग्रॅम २-क्लोरोपिरिडीन लागेल आणि त्यामागे साधारण १ ग्रॅम पिरिडीन. त्या कड्यांवर चढवलेल्या ऑक्सिजनचं वजन जेमतेम ०.२ ग्रॅम.

पायरिथायोनचा जन्म शाम्पूसाठी झालेला नव्हता. अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीच्या प्रयोगशाळेत इलियट शॉ आणि त्यांचे सहकारी अॅस्परजिलिक आम्ल या बुरशीजन्य प्रतिजैविकासारखे रेणू बनवत होते. १९५० मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्यांनी क्लोरीनऐवजी ब्रोमीन असलेल्या पिरिडीनपासून सुरुवात केली होती, पण क्रम तोच होता: आधी ऑक्सिजन, मग २ वर गंधक. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं जस्ताबरोबरचं रूप शाम्पूत आलं. टाळूवरच्या मॅलॅसेझिया या यीस्टला ते आवरतं. चिमटा तांब्यालाही धरत असल्यामुळे तो यीस्टच्या पेशीत जादा तांबं नेतो आणि तिथली लोह-गंधकाची प्रथिनं बिघडवतो. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगातही हेच द्रव्य असतं.

प्राण्यांवरच्या चाचण्यांत प्रजननाला धोका दिसल्यामुळे युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत झिंक पायरिथायोनला बंदी घातली. समुद्रात गेलेल्या पायरिथायोनचा शेवट मात्र प्रकाशावर ठरतो. उन्हात ते लवकर तुटतं, अंधाऱ्या तळाशी नाही. आणि तुटतो तो बहुधा तोच नाजूक बंध, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यामधला.